खाली दोन ओळी मराठीत

आमचे हे फिल्म वाचायचे. असं सांगितलं की लोकांना वाटतं सिनेमाबद्दल बोलतेय. तसलं काही नाही. मोठमोठ्या पाइपांचे सांधे वेल्डिंग करून जोडतात, मग त्या सांध्याचा एक्स-रे काढतात, माणसाच्या हाडाचा काढतात तसाच. ती फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावून अंधाऱ्या खोलीत बसून कुणालातरी बघावी लागते. आत भेग आहे का, हवेचा बुडबुडा राहिलाय का, वितळलेलं लोखंड दोन्ही बाजूंना नीट धरलंय का. ह्यांनी उभं आयुष्य ते पाहण्यात घालवलं. अंधारात बसून डोळे सरावेपर्यंत हे पेटीला हात लावायचे नाहीत. घरी दिवे गेले तरी स्वस्थ बसून राहायचे, जणू कामावरच आहेत.

ह्यांनी 'चालेल' म्हटलं की पाइप जमिनीखाली जायचा आणि त्यातून गॅस वाहायचा. 'कापा' म्हटलं की वेल्डर शिव्या घालत सांधा कापायचे. त्या शिव्या हे घरी येऊन मला हौसेने सांगायचे. कुणाच्या बापाला भीक न घालणारा माणूस, असं सगळे म्हणत. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. म्हणून तर हा सगळा राग.

ह्यांची कंपनी बंद पडली. नव्या कंपन्यांत आता फिल्म नसतेच, सगळं संगणकावर येतं आणि तिथे तरणी पोरं बसतात. फिल्म वापरणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्यातही ह्यांच्या वयाच्या माणसाला घेणारी एखादीच. आणि त्याच सुमारास ह्यांचा उजवा डोळा गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, कडेने दिसतं, पण समोर बघितलं की मधोमध डाग. दाराची चौकट वाकडी दिसते, अक्षरं गिळल्यासारखी होतात. डॉक्टरांनी सांगितलं, हा आता असाच राहणार, डावा मात्र ठणठणीत आहे, जपा. तेव्हापासून हे डावा डोळा कंजुषासारखा वापरू लागले. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचं, फोनवरचे निरोप मी वाचून दाखवायचे. मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते, दिवसभर बारीक अक्षरं वाचते, आणि घरी आले की पुन्हा तेच.

"अहो, डावा चांगला आहे ना, मग वाचा की स्वतः," मी म्हणायचे.

"अगं, तो कामासाठी ठेवलाय," हे म्हणायचे.

काम कुठे होतं? सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. मी दुकानातून परत यायचे तेव्हा तोच शर्ट, तीच खुर्ची. शर्टाला चुणीसुद्धा पडलेली नसायची. ते मला बघवायचं नाही, आणि बघवलं नाही की मी भांडते, तो माझा स्वभावच आहे.

ह्यांचे एक मित्र आहेत, त्यांना सगळे सोयरीकमास्तर म्हणतात. नोकरी शोधणारा आणि माणूस शोधणारा, अशा दोघांची गाठ घालून द्यायची हा त्यांचा छंद. एकेकाळी ह्यांच्याच शेजारच्या पेटीवर बसायचे, नंतर वर चढले, आता चारचौघांत त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्यात त्यांचा पैशाचा काही संबंध नाही. निव्वळ हौस, आणि मनही मोठं. हे काम ते शिस्तीत करत. आधी दोन्हीकडे वेगवेगळं विचारणार, ओळख करून देऊ का, दोघांचा होकार आल्याशिवाय मेल नाही. मग दोघांच्या नावे एकच इंग्रजी मेल. वर विषयात दोघांचं काम. आत दोन ओळी ह्याच्याबद्दल, दोन ओळी त्याच्याबद्दल, गाठ का घालतोय ते एका वाक्यात, आणि शेवटी, पुढचं तुम्ही दोघं ठरवा.

आणि त्याच्याखाली दोन ओळी मराठीत. ही त्यांची खास पद्धत. दोघांपैकी आपल्या भाषेतला जो असेल त्याला खाली मराठीत कानमंत्र. समोरच्याला कसं बोललेलं आवडतं, काय टाळायचं, वगैरे. वेगळा मेल लिहा की, असं मी एकदा त्यांना म्हटलंही होतं.

"वहिनी, वेगळा मेल कोण उघडतो? हा एकच उघडतात. आणि मराठी त्या माणसाला काय कळणार? त्याला वाटतं सही आहे माझी," असं म्हणून ते हसले होते.

मला ते पटलं नव्हतं. दोन माणसं समोर उभी असताना एकाच्या कानात कुजबुजणं आमच्या घरात वाईट मानायचे. पण पुरुषांच्या पद्धतीपुढे आपलं काय चालतंय, असं म्हणून मी सोडून दिलं.

तर मास्तरांनी एक जागा काढली. बंदराच्या बाजूला पाइप जोडणारा एक कारखाना, तिथे अजून फिल्म. तिथल्या तपासणीप्रमुखांना अनुभवी माणूस हवा होता. ते आपल्या भाषेचे नव्हते, आपल्या बाजूचेही नव्हते. मास्तरांनी याआधी त्यांच्याकडे बरीच माणसं लावली होती आणि एकाबद्दलही तक्रार आली नव्हती. मास्तरांनी ह्यांना फोन करून विचारलं, तिकडेही विचारलं, आणि एका दुपारी मेल आला. माझी सुट्टी होती. मी भाजी निवडत होते, ती बाजूला सारून हात पुसले आणि वाचायला घेतलं.

इंग्रजी फार सुरेख होतं. ह्यांच्याबद्दल लिहिलं होतं की हा माझ्या शेजारी वीसेक वर्षं बसला, स्वतःला खात्री नसलेली एकही फिल्म ह्याने कधी पास केली नाही. तपासणीप्रमुखांबद्दल लिहिलं होतं की हे सरळ बोलतात आणि सरळ ऐकतात. दोघांचे फोन नंबर होते. मी वाचत होते आणि हे खिडकीकडे बघत होते. कित्येक महिन्यांत ह्यांच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"पुढे वाच," हे म्हणाले.

पुढे मराठी होतं. तेही मी वाचलं. 'हे फक्त तुझ्यासाठी. पहिलं उत्तर तूच दे, आजच्या आज, मला बीसीसीत टाक, म्हणजे पुढची उत्तरं मला येणार नाहीत, तुमचं बोलणं तुमच्यात राहील. पाल्हाळ लावू नकोस. उजव्या डोळ्याचं आत्ता काढू नकोस. विचारलंच तर काही नाही म्हण. एकदा आत शिर, मग आपण बघून घेऊ. दृष्टीची परीक्षा तिथली नर्स घेते, डावा चांगला आहे, निभावून जाईल.'

"हे बरोबर नाही," मी म्हणाले. "त्यांच्याच मेलमध्ये त्यांच्यापासून लपवायचं?"

"अगं, त्याला मराठी येते का?"

"येत नसली म्हणून काय झालं? खोटं ते खोटंच."

"खोटं कुठे बोलायचंय? न विचारलेलं सांगायचं नाही, एवढंच."

"विचारलं तर काही नाही म्हण, असं लिहिलंय इथे. तुमच्या मित्राने. काळ्यावर पांढरं."

"पांढऱ्यावर काळं," हे म्हणाले आणि हसले. ह्यांना हसताना बघून मी गप्प बसले. भांडण्याची ती वेळ नव्हती, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

उत्तर ह्यांनी स्वतः लिहिलं. कामासाठी ठेवलेला डोळा पहिल्यांदाच बाहेर काढला. मास्तरांचे आभार मानून त्यांना बीसीसीत सरकवलं, तपासणीप्रमुखांना नमस्कार लिहिला, आपण कोणत्या जाडीचे पाइप बघितलेत ते तीन वाक्यांत सांगितलं, आणि या आठवड्यात कधीही बोलू शकतो असं कळवलं. मेल गेल्यावर हे उठले आणि माझी अर्धवट राहिलेली भाजी निवडायला बसले. देठं ठेवली, पानं टाकली. टाकलेली पानं मी मागाहून उचलून घेतली.

दोन दिवसांनी व्हिडिओवर बोलणं ठरलं. टेबलावर फोन डब्याला टेकवून उभा केला. मी दारामागे कपड्यांच्या घड्या घालत उभी राहिले. एकाच टॉवेलची घडी कितीदा घातली ते विचारू नका.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं. तपासणीप्रमुखांचा आवाज शांत होता. त्यांनी एक फिल्म पडद्यावर दाखवली आणि विचारलं, हे काय आहे? हे म्हणाले, पडद्यावरून सांगणार नाही, फिल्म पेटीवर दाखवा. त्यावर ते मोकळेपणाने हसले. मग दोघं कामाचं बोलू लागले आणि ह्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज! भेग आणि ओरखडा ह्यांत फरक कसा करायचा, कुणी घाईत फिल्म धुतली की डाग कसे पडतात, वेल्डर कसे दम देतात. मी दारामागे उभी राहून मनात म्हटलं, झालं, काम झालं.

मग ते म्हणाले, "हे डोळ्यांचं काम आहे. डोळ्यांबद्दल मला आधीच कळावं असं काही आहे का?"

"नाही," हे म्हणाले. "सगळं ठीक आहे."

"वयानुसार काहीतरी होतंच. मलाही झालंय. असलं तर सांगा, त्यामुळे हे बोलणं इथेच संपेल असं नाही."

"नाही, तसं काही नाही."

मला वाटलं लाइन तुटली. मग पुन्हा त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "मी शेवटचं विचारतो. दोन्ही डोळे?"

दारामागून मला ह्यांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. मी मनात ओरडत होते, सांगा हो, सांगून टाका, माणूस दार उघडं धरून उभा आहे.

"दोन्ही उत्तम," हे म्हणाले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कळवतो."

फोन बंद झाल्यावर हे माझ्याकडे वळले. कपाळावर घाम होता. "झालं छान," म्हणाले. "तो जरा चौकस आहे, एवढंच."

"तीनदा विचारलं त्यांनी."

"मास्तर बोललाच होता ना, विचारलं तर नाही म्हण. ह्या माणसाला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. त्याचा शब्द कसा मोडू? त्याने माझ्यासाठी शब्द टाकलाय."

त्या रात्री हे पोटभर जेवले आणि कपाटातून जुनं भिंग काढून पुसून ठेवलं. मी माझं ताट झाकून ठेवलं.

मेल आला तेव्हा मी दुकानातून येऊन नुकतीच चप्पल काढत होते. हे फोन हातात धरून दारातच उभे होते, उघडला नव्हता. "तूच वाच," म्हणाले.

मेल मास्तरांच्या मूळ मेलवरच दिलेलं उत्तर होतं. दोघांना पाठवलेलं, ह्यांनाही आणि मास्तरांनाही. मी इंग्रजी वाचून ह्यांना मराठीत सांगत गेले, कारण तसं सांगितलं की मला जरा वेळ मिळतो.

त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या मित्राच्या मेलखाली मला न येणाऱ्या भाषेत काही मजकूर होता. मेल माझ्याही नावाने होता, म्हणून मला वाटलं मलाही काही लिहिलं असेल. फोननेच वर पट्टी दाखवली, भाषांतर करायचं का. मी पट्टी दाबली. ही गोष्ट तुमचं पहिलं उत्तर यायच्या आधीची.

"आधीची?" हे म्हणाले.

"हो. बोलायच्या आधीपासून त्यांना सगळं माहीत होतं."

हे भिंतीला टेकून खाली बसले, तिथेच, चपलांशेजारी. मी पुढे वाचावं की नाही मला कळेना. ह्यांनी हातानेच खूण केली.

पुढे लिहिलं होतं की उजव्या डोळ्याची मला अडचण नव्हती. नियमाप्रमाणे जवळचं बारीक अक्षर एका डोळ्याने वाचता आलं तरी चालतं, चष्मा लावून का होईना. तुमचा डावा चांगला आहे, हेही मी त्याच ओळींत वाचलं होतं. म्हणून बोलायला बसलो, आणि तुम्ही सांगाल म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. फिल्म मी स्वतः प्रत्येक वेळी बघू शकत नाही. बघणारा जे सांगतो ते खरं मानून मी पाइप जमिनीत पुरतो. एवढंच ते काम आहे. म्हणून ही जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही. मास्तरांसाठी एकच ओळ होती. यापुढे कृपया मला कुणाची ओळख करून देऊ नये.

त्याखाली सही. आणि सहीखाली, देवाशपथ सांगते, दोन ओळी मराठीत. यंत्राने केलेली मराठी, जरा आखडलेली, पण चूक एकही नाही. 'हे मी तुमच्या भाषेत लिहितो, म्हणजे कुणापासून काही लपलेलं राहणार नाही. तुमच्या डोळ्याची काळजी घ्या.'

ते मी वाचलं आणि मला रडू फुटलं. त्या माणसाचा राग यायला हवा होता, तो येईना. शिवी द्यायला जागाच ठेवली नव्हती त्याने.

मास्तरांचा फोन लगेच आला. मी स्पीकरवर लावला.

"अरे, त्याला मराठी कुठून आली?" हेच त्यांचं पहिलं वाक्य. मग म्हणाले, "मी तुझ्या भल्यासाठीच लिहिलं रे."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"त्याच्याकडे आणखी दोघांना लावायचं होतं. दोघांना मी सांगूनही ठेवलंय. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"भावोजी," मी मध्येच बोलले, "त्या वरच्या इंग्रजीत तुम्ही जे लिहिलं होतं ना, ते सगळं खरं होतं. तेवढंच पाठवलं असतं तर?"

माझ्या आवाजाला धार होती हे मला कळत होतं, पण ती मागे घ्यायची माझी इच्छा नव्हती. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ते आमच्या घरी आलेले नाहीत. माणसांच्या गाठी घालायचंही त्यांनी बंद केलं म्हणे.

मी ह्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. हे अंधारात स्वस्थ बसले होते, त्यांच्या सवयीप्रमाणे.

"एक डोळा पुरला असता," मी म्हणाले. "तुम्हाला हा नियम माहीत नव्हता का हो?"

"माहीत होता."

"काय?"

"मला पाठ आहे तो. नवीन पोरं यायची त्यांना मीच शिकवायचो. एक डोळा, तीस सेंटिमीटर अंतर, चष्म्यासकट."

"मग बोलला का नाहीत?"

खालून कुणाचा तरी जिना चढण्याचा आवाज आला आणि दार लागलं.

"मास्तरने लिहिलं, लपव," हे म्हणाले. "ते वाचलंस तू, आणि मला वाटलं, त्यालासुद्धा तसंच वाटतंय तर. तो मला वीस वर्षं ओळखतो. त्यालाही वाटतंय की हे सांगण्यासारखं नाही."

मी ह्यांचा हात धरला. तो गार होता. उद्या सकाळी हे पुन्हा दाढी करतील आणि इस्त्रीचा शर्ट घालतील, हे मला माहीत होतं. मी उठून दिवा लावायला गेले, तर ह्यांनी हात सोडला नाही.

"राहू दे जरा," म्हणाले. "अजून डोळे सरावले नाहीत."